चाळीस सेकंदांची सकाळ

कोकणातल्या बहुतेक होमस्टेंचे व्हिडिओ एकाच साच्यातले असतात. ड्रोनमधून समुद्र, मग पलंग, एसी, बाथरूमच्या चकचकीत टाइल्स आणि वर ढणढण संगीत. घराच्या जागी लॉज ठेवला तरी व्हिडिओत काही बदलणार नाही.

समजा, दापोली तालुक्यात अंजर्ल्याच्या बाजूला तीन खोल्यांचं कौलारू घर आहे. त्याच्याकडे विकण्यासारखं काय, तर सकाळ आणि मागीलदारचं स्वयंपाकघर. मग चाळीस सेकंदांत तेवढंच दाखवावं. सुरुवात विहिरीच्या रहाटाच्या कुरकुरीने, घराचं नावही न सांगता. पुढे ओल्या अंगणात झाडू, पडवीत वाफाळता चहा. त्यानंतर निदान बारा सेकंद घावण्यांना द्यावीत: नारळाच्या शेंडीने बिडाच्या तव्याला तेल पुसलं जातंय, पातळ पीठ पडताच चर्र होतंय, झाकण निघाल्यावर जाळी दिसतेय. ताटात घावण्याशेजारी गूळ घातलेला नारळाचा रस. शेवटी घरच्या काकूंच्या तोंडचं एकच वाक्य: “खोल्या तीनच आहेत, जेवण आम्हीच करतो.”

यात खरी अडचण आवाजाची. निव्वळ शांतता मोबाइलवर ऐकू येतच नाही. बघणाऱ्याला वाटतं, आवाज बंद पडलाय. शिवाय भोवती सामसूम असली की फोन आपणहून आवाजाची पातळी वाढवतो आणि मागे नुसती ‘सूं’ उरते. म्हणून फोन तव्यापासून, रहाटापासून हातभर अंतरावर धरावा. छोटा आवाज स्पष्ट आला की भोवतीची शांतता आपोआप जाणवते. चित्रीकरण पहाटेच उरकावं, कारण दिवस चढला की समुद्रावरचा वारा माइकमध्ये घुसतो. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात, त्यांच्यासाठी पडद्यावर चार-पाच शब्द पुरेत.

उजेडाचंही थोडं बघावं लागतं. इथे सूर्य डोंगरामागून येतो, त्यामुळे ऊन अंगणात उशिरा उतरतं आणि तोवरचा मऊ उजेड चेहऱ्यांना छान असतो. वाफ मात्र समोरच्या उजेडात दिसत नाही. खिडकी वाफेच्या मागे हवी. पडद्यावर बोट दाबून उजेड पक्का करावा, नाहीतर वाफ उठली की चित्र मध्येच काळवंडतं.

भाडं, बाथरूम, गाडी कुठवर येते, मोबाइलला रेंज आहे का, हे लपवू नये, व्हिडिओखाली लिहावं. जेवणाच्या वेळा आणि रात्री दहानंतर स्पीकर चालणार नाही, हेही तिथेच. ते न लिहिणाऱ्यांकडे शनिवारी दंगा करणारी टोळी येते आणि सोमवारी तक्रार.

व्हिडिओ लागू पडला की नाही, हे फोनवर कळतं. “एसी आहे का?” हाच पहिला प्रश्न येत राहिला, तर लोकांनी खोलीच पाहिली. “घावणे रोज असतात का?” असं विचारू लागले, की माणसं नेमकी येताहेत. पावसाळ्यासाठी मात्र वेगळा व्हिडिओ करावा: तेव्हा अंगणात चहा नसतो, आणि पागोळ्यांच्या आवाजात रहाट कोणाला ऐकू येणार?