‘पर्याय बसला, म्हणजे उत्तर मिळालं’

कामणमधल्या आठवीच्या मुलांना शिष्यवृत्तीच्या सरावाचा पेपर सोडवताना बघा. समीकरणाचा प्रश्न आला की निम्मी मुलं पेन खाली ठेवतात आणि पर्याय 1 पासून एकेक किंमत टाकून बघायला लागतात. कुठल्यातरी क्लासात त्यांना सांगितलेलं असतं: ‘सोडवत बसू नका, टाकत जा, बसला की गोल रंगवा.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता ऐकलं तरी चिडचिड होते. पर्याय टाकून बघण्यात काहीच वाईट नाही. वाईट आहे ते ‘बसला की रंगवा’.

एक उदाहरण घेऊ. वडिलांचं आजचं वय मुलाच्या वयाच्या चौपट आहे. 6 वर्षांनी ते मुलाच्या वयाच्या तिप्पट होईल. तर वडिलांचं आजचं वय किती? पर्याय: 12, 36, 48, 54.

पेपर सोडवणारा मुलगा हुशार आहे. उदाहरणातल्या मुलाचं वय x धरून तो समीकरण मांडतो: 4x + 6 = 3(x + 6). आता पर्याय 1, म्हणजे 12 टाकतो. डावीकडे 54, उजवीकडे 54. बसला! गोल रंगवला आणि उत्तर चुकलं. 12 हे मुलाचं वय आहे, विचारलं होतं वडिलांचं. पेपर काढणाऱ्याने 12 हा पर्याय याच मुलासाठी ठेवलेला असतो.

चूक आकडेमोडीत नाही, पर्याय कशात टाकला त्यात आहे. आपण मांडलेल्या समीकरणात किंमत टाकली, तर तपासलं जातं ते आपलं समीकरण. ते मांडतानाच घोळ झाला असेल, तर त्या घोळालाही एखादा पर्याय छान बसतो. म्हणून पर्याय टाकायचा तो प्रश्नाच्या वाक्यात. वडील 36 वर्षांचे असतील तर मुलगा 9 चा. 6 वर्षांनी वडील 42, मुलगा 15, आणि 15 ची तिप्पट 45. वडील 3 ने कमी पडले. 48 घेतले तर मुलगा 12, पुढे 54 आणि 18. जुळलं. आणि 12 घेतले तर मुलगा 3 वर्षांचा, म्हणजे तो जन्मला तेव्हा बाप 9 वर्षांचा!

इथे आणखी एक गोष्ट दिसते. पर्याय चढत्या क्रमाने असतील तर पहिल्यापासून सुरुवात करायचं कारण नाही. 36 ला 3 ने कमी पडलं, 12 ला तर 9 ने कमी पडतं. म्हणजे वय वाढवलं की तूट घटते. मधल्या पर्यायाने सुरुवात केली, तर त्याच्या एका बाजूचे पर्याय न तपासताच बाद होतात.

आता ‘एक बसला की थांबा’ याकडे वळू. किंमत समीकरणात बसली, तर ती त्याची एक उकल आहे एवढंच सिद्ध होतं; दुसरी नाही, हे सिद्ध होत नाही. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या, 2017 पासून आठवीला होत आलेल्या शिष्यवृत्ती परीक्षेत हे थेट गुणांवर येतं. तिथे प्रत्येक पेपरमध्ये कमाल 20 टक्के प्रश्नांना दोन अचूक पर्याय असतात आणि ते दोन्ही नोंदवणं बंधनकारक आहे. समजा, x² − 7x + 12 = 0 साठी 2, 3, 4, 6 असे पर्याय दिले. 3 टाकला: 9 − 21 + 12 = 0. इथे थांबलेल्याचा प्रश्न गेला, कारण 4 सुद्धा बसतो. (x − 3)(x − 4) असे अवयव पाडणाऱ्याला दोन्ही एकदम दिसतात.

एकसामयिक समीकरणांत हीच घाई उलट दिशेने होते. x + y = 10 मध्ये (6, 4), (7, 3), (8, 2) सगळेच बसतात. निकाल दुसरं समीकरण लावतं, आणि नेमकं तेच तपासायचं राहतं.

बाकीचे समज थोडक्यात. ‘ही लबाडी आहे’: मुळीच नाही, दिलेली किंमत वर्गसमीकरणाचं मूळ आहे का, हे ठेवून ठरवायला दहावीच्या गणित भाग 1 च्या सरावसंचातच सांगितलंय. ‘टाकणं नेहमीच झटपट’: 5x − 3 = 17 ला चार पर्याय टाकेपर्यंत x = 4 दोनदा काढून होतो. ‘x = 1 ठेवला की राशीचं सरळ रूप ओळखता येतं’: x = 1 ला x² आणि x³ सुद्धा सारखेच दिसतात. ‘तीन बसले नाहीत, म्हणजे यापैकी नाही’: किंवा तुमची वजाबाकी चुकली.

दहावीला बहुपर्यायी प्रश्न 1(अ) मध्ये असतात: चार प्रश्न, चार गुण. पुढच्या उदाहरणांत पर्याय नसतात, आणि गुण मिळतात ते पायऱ्यांना.