पोत्यातला स्थिर खर्च

31 मार्चला साखर कारखान्याची गोदामे साखरेने भरलेली असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू झालेला गाळप हंगाम तेव्हा संपलेला असतो किंवा संपत आलेला असतो, आणि तयार साखर मात्र वर्षभर थोडी थोडी विकली जाणार असते. नेमक्या त्याच दिवशी आर्थिक वर्ष संपते. गोदामातल्या पोत्यांची किंमत किती धरायची, यावर त्या वर्षीचा नफा ठरतो. आणि या किमतीत एक आकडा असा असतो, जो कुठल्याही बिलावर सापडत नाही.

हा आकडा आहे क्विंटलमागे धरलेल्या स्थिर खर्चाचा. ऊस जितका गाळला तितकेच उसाचे पैसे द्यावे लागतात. पण यंत्रांचा घसारा, कायम कामगारांचा पगार, ऑफ-सीझनमधली ओव्हरहॉलिंगची कामे यांचा खर्च ऊस कमी आला म्हणून कमी होत नाही. तो पोत्यांवर वाटायचा, तर आधी ठरवावे लागते की एका हंगामात साधारणपणे किती पोती निघतात. यालाच सामान्य क्षमता म्हणतात.

रोज 2,500 टन गाळणारा एक काल्पनिक कारखाना घेऊ. उतारा 10 टक्के आणि वर्षाचा स्थिर उत्पादन खर्च 12 कोटी रुपये धरू. यंत्रे 160 दिवस चालली तर 4 लाख क्विंटल साखर निघते आणि क्विंटलला 300 रुपये खर्च लागतो. गेल्या काही हंगामांची सरासरी मात्र 120 दिवसांचीच असेल, तर 3 लाख क्विंटलवर 400 रुपये बसतात. यंदा ऊस कमी असल्याने गाळप 96 दिवसांतच आटोपले आणि 2 लाख 40 हजार क्विंटल साखर निघाली. प्रत्यक्ष उत्पादनावर वाटले तर दर होतो 500 रुपये.

यातली 90 हजार क्विंटल साखर विकली गेली, दीड लाख क्विंटल गोदामात राहिली. सुरुवातीचा साठा नव्हता आणि स्थिर खर्च सोडून बाकी सारे वजा जाता हाती 5 कोटी उरले, असे समजू.

500 रुपयांच्या दराने साडेसात कोटींचा स्थिर खर्च साठ्याच्या किमतीत जातो. नफा-तोटा पत्रकात साडेचार कोटीच येतात आणि 50 लाखांचा नफा दिसतो. 400 रुपये धरले तर साठ्यात 6 कोटी जातात, उरलेले 6 कोटी यंदाच्या खर्चात पडतात, आणि तोटा एक कोटीचा होतो. 300 रुपये धरले तर साठ्यात फक्त साडेचार कोटी मावतात आणि तोटा अडीच कोटींवर जातो. ऊस तोच, विक्री तीच, बँकेतली शिल्लकही तीच.

साठ्यात गेलेला खर्च नाहीसा होत नाही. पुढच्या वर्षी ती पोती विकली की तो त्या वर्षाच्या नफ्यातून वजा होतो.

लेखा मानक 2 म्हणूनच प्रत्यक्ष उत्पादनाचा सोयीस्कर आधार घेऊ देत नाही. नेहमीच्या परिस्थितीत काही वर्षांत किंवा हंगामांत सरासरी जितके उत्पादन होते, त्यातून ठरलेल्या देखभालीसाठी जाणारा वेळ वगळून, सामान्य क्षमता धरावी, असे ते सांगते. उत्पादन घटले म्हणून दर वाढवता येत नाही. न वाटला गेलेला खर्च त्याच वर्षी सोसावा लागतो. आपल्या कारखान्याच्या हिशेबात 2 लाख 40 हजार क्विंटलवर 400 रुपयांनी 9 कोटी 60 लाखच वाटले जातात. उरलेले 2 कोटी 40 लाख म्हणजे रिकाम्या बसलेल्या यंत्रांची किंमत.

खरा वाद होतो तो सरासरीत कोणते हंगाम घ्यायचे यावर. महाराष्ट्रात 2018-19 मध्ये सुमारे 107 लाख टन साखर झाली. दुष्काळ आणि पुरानंतरच्या 2019-20 मध्ये ती जवळपास 62 लाख टनांवर आली, तर 2021-22 मध्ये 137 लाख टनांच्या आसपास गेली. अशा चढउतारांत पडेल हंगाम सरासरीत घेतला की क्षमता घटते, दर वाढतो आणि साठा महाग दिसतो. अपवाद म्हणून वगळला की उलटे होते. दोन्हींसाठी युक्तिवाद करता येतो, म्हणून निवड दरवर्षी बदलते का, हे लेखापरीक्षक पाहतात. साठा फुगवण्याला आणखी एक बांध आहे: साखर विकून निव्वळ जितके पैसे येतील, त्यापेक्षा जास्त किंमत साठ्याला लावता येत नाही.

भरघोस हंगामात नियम उलट दिशेने चालतो. याच कारखान्यात 4 लाख क्विंटल साखर निघाली आणि दर 400 रुपयेच ठेवला, तर 12 कोटींच्या खर्चापोटी 16 कोटी वाटले जातील. म्हणजे न झालेला खर्च साठ्यात शिरेल. अशा असामान्य उत्पादनाच्या वर्षी दर 300 रुपयांवर आणावा लागतो.