शार्दूलविक्रीडित: ‘त्र’ लघू, ‘प’ गुरू

परीक्षेत शिक्षणावरचा श्लोक येतो आणि त्याचे वृत्त ओळखायचे असते. सरावासाठी हा रचला आहे:

शाळेचा उजळे दिवा मग घरी, अंधार कोठे उरे
आई पत्र लिही स्वतःच मजला, आनंद डोळां झरे
कर्जाचे लपले हिशोब समजे, ना अंगठा लागतो
वाची जो, पुसतो सवाल पहिला, अन्याय ना साहतो

पहिली ओळ सोपी आहे, म्हणून दुसरी सोडवू. शब्दांच्या सीमा विसरून तीन-तीन अक्षरे तोडायची:

आईप (– – –) म
त्रलिही (∪ ∪ –) स
स्वतःच (∪ – ∪) ज
मजला (∪ ∪ –) स
आनंद (– – ∪) त
डोळांझ (– – ∪) त
रे (–) ग

गण म, स, ज, स, त, त आणि शेवटी एक गुरू. अक्षरे १९, यती बाराव्या अक्षरावर, ‘मजला’नंतर. म्हणजे शार्दूलविक्रीडित.

गुण जातात ते ‘पत्र’पाशी. जोडाक्षर दिसले की अनेक जण त्यालाच गुरू ठरवतात. पण आघात मागच्या अक्षरावर येतो, म्हणून ‘प’ गुरू आणि ‘त्र’ लघू. ‘स्व’ही लघूच, त्यामागचा ‘ही’ दीर्घ असल्याने आधीच गुरू आहे. ‘तः’ विसर्गामुळे गुरू होतो, ‘नं’ अनुस्वारामुळे.

उत्तर तपासायला गुरू मोजा. ते ११ आणि लघू ८ भरले नाहीत, तर आधी जोडाक्षरांकडे परत जा. चिन्हे मात्र अक्षरांच्या बरोबर डोक्यावरच काढा. सरकली की गणही सरकतात.