पेण ते रोहा : चार्ज किती तास पुरेल?

फोनच्या माहितीत बॅटरी ५००० एमएएच, म्हणजे ५ अँपिअर-तास, अशी लिहिलेली असते. त्याला ३.८७ व्होल्टने गुणलं की साधारण १९.३ वॉट-तास येतात. ॲप सरासरी किती वॉट ओढतं, त्याने याला भागलं की तास मिळतात.

समजा, पेणला गाडीत बसताना चार्ज ८० टक्के होता. नागोठण्यावरून रोह्याला पोचेपर्यंत पाऊण तास मोबाइल डेटावर सिनेमा पाहिला आणि आकडा ७१वर आला. ९ टक्के म्हणजे १.७४ वॉट-तास, त्याला ०.७५ तासाने भागलं की सुमारे २.३ वॉट. उरलेले १३.७ वॉट-तास या हिशेबाने सहा तास पुरतील. तोच सिनेमा घरून डाउनलोड करून, स्क्रीनचा उजेड उतरवून १.२ वॉटमध्ये भागवला, तर जवळपास साडेअकरा तास.

मात्र टक्के पूर्णांकातच दिसतात, त्यामुळे नवात एकाची चूकही मोठी. निदान २० टक्के उतरेपर्यंत मोजा, आणि रेंज जाते तिथला आकडा वेगळा धरा. दूरच्या टॉवरशी बोलताना फोन जास्त वीज खातो. जुन्या बॅटरीत १९.३ऐवजी १५च वॉट-तास उरलेले असू शकतात, तेव्हा दुसऱ्याच्या फोनवर मोजलेले वॉट वापरून काढलेले तास जास्त येऊ शकतात.