मिलिओहमच्या रकान्याचा मागोवा

२००७ साली इंटरनॅशनल रेक्टिफायर या अमेरिकी कंपनीने आपल्या धंद्याचा एक भाग विशेला विकला. त्यात जुन्या मॉस्फेटची बरीचशी यादी गेली. उरलेली कंपनी २०१५च्या सुरुवातीला इन्फिनिऑनने घेतली. बॅटरी चार्जर बनवणाऱ्या पुण्यातल्या लहान कारखान्याला या मोठ्या व्यवहारांशी काय देणंघेणं, असं कुणालाही वाटेल. पण त्यांचा परिणाम तापकीर गल्लीतल्या काउंटरवर आजही दिसतो. `IRFZ44` मागितला की विशेचा माल मिळू शकतो, `IRFZ44N` मागितला की इन्फिनिऑनचा. डबा एकच, पाय तीनच, नावात फक्त शेवटच्या एका अक्षराचा फरक. डेटाशीटवर मात्र पहिल्याचा चालू अवस्थेतला रेझिस्टन्स ०.०२८ ओहम छापलेला आहे आणि दुसऱ्याचा १७.५ मिलिओहम.

हे दोन आकडे दोन वेगळ्या कागदांवर असले की नजर फसते. एकीकडे शून्यापुढे दशांश, दुसरीकडे सतरा-साडेसतरा. एका रकान्यात आणले की २८ आणि १७.५ शेजारी उभे राहतात आणि प्रश्न मिटतो. २० अँपिअर वाहताना पहिल्यात ११.२ वॉट उष्णता होते, दुसऱ्यात ७. चार्जरच्या छोट्या हीटसिंकला हा फरक झेपेलच असं नाही. आमच्याकडे तुलनेच्या तक्त्याची सुरुवात गेल्या दशकाच्या मध्याला अशाच मॉस्फेटपासून झाली. त्यात पुढे काय काय बदलत गेलं, त्याचा हा मागोवा.

तेव्हा डेटाशीट आमच्यापर्यंत फोटो होऊनच येत असे. दुकानदार व्हॉट्सॲपवर एक पान पाठवायचा, जुन्या डेटाबुकाचं पान कुणीतरी टेबलावर उलगडून टिपायचं, रिळाच्या खोक्यातल्या पत्रकाचा फोटो निघायचा. पुष्कळ घटक इंटरनेटवर सापडत, पण ज्या मालाचा सौदा चालू आहे त्याचं नेमकं पान हवं असेल तर समोरून आलेला फोटोच खरा. तो बघून वहीत किंवा एक्सेलमध्ये आकडा उतरवायचा आणि उतरवतानाच मनात हजाराने गुणून मिलिओहम करून टाकायचे, अशी सर्रास पद्धत होती. तीच सगळ्यात घातक. महिन्याभराने तक्त्यात २.८ दिसलं तर कागदावरच ते तसं होतं, वाचताना चुकलं की गुणताना, हे कळायला मार्ग राहत नाही.

म्हणून तक्त्याचा पहिला मोठा बदल रकान्यांचा होता. छापील आकडा जसाच्या तसा एका रकान्यात, छापील एकक दुसऱ्यात, तो किमान आहे, नमुन्यादाखल आहे की कमाल हे तिसऱ्यात, कोणत्या अटीवर मोजला ते चौथ्यात आणि फोटोचा क्रमांक पाचव्यात. सामाईक एककातला आकडा माणसाने लिहायचाच नाही, तो सूत्राने यायचा. हे सूत्रही बेतानेच लिहावं लागतं, कारण एक्सेल बरोबरीच्या चिन्हाने तुलना करताना लहान-मोठं अक्षर मानत नाही. त्याच्या लेखी मिलिओहमचा m आणि मेगाओहमचा M सारखेच. म्हणून `EXACT` लागतं:

```
=IF(EXACT(E2,"mΩ"),D2,
 IF(EXACT(E2,"Ω"),D2*1000,""))
```

ओळखीचं एकक नसेल तर खाना रिकामा राहतो, आणि तो तसाच राहायला हवा. ओहमचं चिन्हही संगणकाच्या लेखी दोन प्रकारचं असतं: एक ग्रीक अक्षर, दुसरं खास ओहमचं. डोळ्यांना दोन्ही सारखीच. त्यामुळे एकक टंकायचं नाही, ठरलेल्या यादीतून निवडायचं, हा नियम लवकरच रुळला.

फोटोतून अक्षरं ओळखणारी सॉफ्टवेअरं फोनमध्ये आली तेव्हा टंकण्याचे कष्ट वाचले, पण चुकांचा प्रकार बदलला. ओहमच्या जागी Q किंवा शून्य येतं. घडीवर पडलेला दशांशबिंदू गळून जातो. ‘µ’ची शेपटी फोटोत पुसट आली की तो u होतो, कधी p होतो. जुन्या पीडीएफमधून मजकूर उचलला तर आणखी एक गंमत घडते. त्या काळी ओहम आणि µ ही चिन्हं ‘सिम्बॉल’ नावाच्या फॉन्टमधून घेत, आणि त्या फॉन्टमध्ये ओहम W च्या जागी बसतो, µ हा m च्या जागी. फॉन्ट सुटला की मिलिओहमचा मिलिवॉट होतो आणि मायक्रोअँपिअरचा मिलिअँपिअर. मिलिवॉट लगेच खटकतो, कारण रेझिस्टन्स वॉटमध्ये कुणी मोजत नाही. मिलिअँपिअर खटकत नाही, तो बिनबोभाट तक्त्यात शिरतो आणि हजारपटीने चूक करून बसतो.

अशा चुका पकडायला पुन्हा फोटो बघत बसण्यापेक्षा डेटाशीटलाच डेटाशीटची साक्ष काढणं अधिक उपयोगी पडलं. कमाल तापमान १७५ अंश असलेल्या मॉस्फेटच्या पानावर दोन आकडे वेगवेगळ्या तक्त्यांत असतात: आतल्या चिपपासून बाहेरच्या पत्र्यापर्यंतचा उष्णतेचा अडथळा आणि पत्रा २५ अंशांवर असताना पेलता येणारी पॉवर. १७५ वजा २५ म्हणजे १५०. १५० ला त्या अडथळ्याने भागलं की पॉवर यायला हवी. एसटी कंपनीच्या `STP55NF06`चा अडथळा १.३६ अंश प्रति वॉट आहे. भागाकार ११०, छापील पॉवरही ११० वॉट. अडथळ्यातला बिंदू सरकून १३.६ झाला असता तर भागाकार ११ आला असता आणि ओळ लाल झाली असती. प्रत्येक कंपनी इतकी चोख जुळत नाही. `IRFZ44N`चा अडथळा १.५ छापलेला आहे, भागाकार १०० येतो आणि छापील पॉवर ९४. म्हणून दहा टक्क्यांपर्यंतचा फरक आम्ही चालवून घेतो, त्यापुढे गेला की पान पुन्हा उघडायचं. अडथळा कुठे अंश सेल्सिअस प्रति वॉट असा छापतात, कुठे केल्विन प्रति वॉट. तिथे आकडा बदलायचा नसतो, कारण तापमानातला फरक दोन्हींत तेवढाच असतो. २७३ मिळवायचा मोह झालेले हुशार विद्यार्थी मी पाहिले आहेत.

एककांचा प्रश्न असा बऱ्यापैकी सुटला, आणि तेव्हाच लक्षात आलं की तो या कामाचा सोपा भाग होता. अवघड भाग अटींचा. `IRLZ44N` हा गेटवर कमी व्होल्टेज पुरणारा मॉस्फेट घ्या. त्याच्या पानावर रेझिस्टन्सच्या तीन ओळी आहेत: गेटवर १० व्होल्ट असताना २२ मिलिओहम, ५ व्होल्टना २५, ४ व्होल्टना ३५. शेजारच्या `IRFZ44N`ची ओळ एकच, १० व्होल्टची. तक्त्यात रेझिस्टन्सचा एकच रकाना असेल तर १७.५ समोर २२ उभे राहतात आणि `IRFZ44N` सरस ठरतो. पण गेट ५ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरवरून चालवायचं असेल तर योग्य तुलना २५ची आहे, आणि `IRFZ44N`च्या पानावर ५ व्होल्टसाठी कसलीही हमी नाही. त्या खान्यात काहीच लिहायचं नाही.

हा रिकामा खाना भरून काढायची माणसांना फार घाई असते. बहुतेकदा तो पानावरच्या दुसऱ्या आकड्याने भरला जातो: गेट ‘उघडायला’ लागणारं व्होल्टेज २ ते ४. चारला उघडतो, म्हणजे पाचला चालेलच, असा तर्क. पण त्या ओळीची अट वाचा: वाहणारा करंट २५० मायक्रोअँपिअर. एवढ्यावर एलईडीसुद्धा नीट पेटत नाही. मघाशी सांगितलेला सिम्बॉल फॉन्टचा घोटाळा नेमका या ओळीवर झाला तर २५०चे मायक्रो मिलि होतात, पाव अँपिअर दिसतो आणि खोट्या तर्काला छापील पुरावा मिळतो. त्यामुळे गेल्या काही वर्षांत आमच्या तक्त्यात अट हा शेऱ्याचा रकाना उरला नाही, तो ओळीच्या ओळखीचा भाग झाला. अट वेगळी तर ओळ वेगळी.

कपॅसिटरच्या बाबतीत तर एकक एक करून भागतच नाही. साध्या मालिकेच्या पानावर १२० हर्ट्झवरचा टॅन डेल्टा देतात, स्विचिंग सप्लायसाठीच्या मालिकेच्या पानावर १०० किलोहर्ट्झवरचा इंपीडन्स ओहममध्ये. टॅन डेल्टावरून आतला रेझिस्टन्स काढता येतो:

```
ESR = tanδ / (2πfC)
```

१००० मायक्रोफॅरडला ०.१२ धरले तर सुमारे १५९ मिलिओहम येतात. दुसऱ्या पानावर दोन आकडी मिलिओहम असतात. दोन्ही मिलिओहमच, तरी एका रकान्यात घालायचे नाहीत. पहिला आकडा १२० हर्ट्झवरची कमाल मर्यादा आहे, आणि तोच कपॅसिटर १०० किलोहर्ट्झवर बराच कमी रेझिस्टन्स दाखवेल. किती कमी, ते पान सांगत नाही. म्हणून इथे रकाने दोन आणि शीर्षकातच फ्रिक्वेन्सी.

शिवाय कपॅसिटरच्या पानाचा फोटो काढताना खालची तळटीप हमखास कापली जाते. तिथे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की १००० मायक्रोफॅरडच्या पुढे दर हजारामागे टॅन डेल्टात ०.०२ मिळवावेत. ती नसली की ३३०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ०.१६ ऐवजी ०.१२ ने तक्त्यात बसतो. रिपल करंटसाठी फ्रिक्वेन्सीचे गुणक लागतात, ते तर अनेकदा पुढच्याच पानावर असतात. दुकानदाराला आता आम्ही एका पानाचा फोटो मागत नाही. मालिकेची सगळी पानं, चारही कडा दिसतील अशी, आणि तळाशी छापलेली आवृत्तीची तारीख वाचता येईल इतक्या उजेडात काढलेली, असं मागतो.

मॉस्फेटच्या शीटवर काम करणारी सध्याची मुलं आता गरम अवस्थेतला रेझिस्टन्स वेगळ्या रकान्यात आणू पाहत आहेत. १२५ अंशांना तो २५ अंशांच्या दीडपटीहून वर जातो आणि हीटसिंक त्याच आकड्यावर ठरतो. पण पुष्कळ पानांवर तो फक्त आलेखात असतो. तिरक्या फोटोतल्या आलेखावरून वाचलेला आकडा छापील आकड्याच्या पंक्तीत बसवायचा नाही, यावर आमचं एकमत आहे. तो वेगळ्या रंगात लिहायचा की पट्टी लावून वाचताना किती चूक होऊ शकते तेही शेजारी नोंदवायचं, यावर अजून चर्चा चालू आहे. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे.