सर्व्हक्वालमधली दरी: अपेक्षा कधी विचारायची?

पारसुरामन, झाइथामल आणि बेरी यांच्या १९८८ च्या सर्व्हक्वाल मापनात २२ विधानं आहेत आणि पाच परिमाणं: भौतिक सुविधा, विश्वासार्हता, तत्परता, आश्वासकता, आपुलकी. तुम्ही प्रत्येक विधान दोनदा विचारता, एकदा अपेक्षेसाठी, एकदा अनुभवासाठी. अनुभवातून अपेक्षा वजा केली की दरी मिळते.

समजा, एका खासगी दवाखान्यात ७ गुणांच्या श्रेणीवर तत्परतेची सरासरी अपेक्षा ६.५ आली आणि अनुभव ४.९. दरी −१.६. भौतिक सुविधांमध्ये अपेक्षा ४.८, अनुभव ४.६, दरी −०.२. नुसता अनुभव पाहिला असता तर सुविधाच कमी वाटल्या असत्या. खरी अडचण ताटकळण्याची आहे.

पण गडबड इथे होते: दोन्ही प्रश्नावल्या तपासणीनंतर एकदम भरून घेतल्या, तर दोन तास बसलेला रुग्ण वैतागून अपेक्षाही ७ लिहितो आणि दरी फुगते. म्हणून अपेक्षा नोंदणीच्या वेळीच विचारा, अनुभव निघताना. दोन्ही अर्जांवर एकच क्रमांक टाका. दुसरा अर्ज न देता कुणी निघून गेलं, तर त्याचा पहिलाही दरीच्या हिशोबात धरू नका. मात्र असे किती गेले ते लिहा. कंटाळून गेलेलेच त्यात जास्त असू शकतात.