मोदक का फुटतात, हे मथळ्यात किती सांगायचं?

गणपती जवळ आले की यूट्यूबवर उकडीच्या मोदकांच्या व्हिडिओंची रांग लागते. पदार्थ एकच, साहित्य तेच, हातही तितकेच सराईत. मथळे मात्र बहुतेक दोन जातींचे असतात. पहिल्या जातीचा नमुना असा: ‘उकडीचे मोदक | ukadiche modak recipe | modak recipe in marathi | गणपती स्पेशल | सोपी पद्धत’. दुसऱ्या जातीचा: ‘ही चूक तुम्हीही करता का? शेवटपर्यंत बघाच!’

पहिला मथळा यंत्रासाठी लिहिलेला आहे. शोधणाऱ्याला तो सापडेल, पण शेजारच्या दहा व्हिडिओंना सोडून त्यावरच बोट का ठेवावं, याचं कारण त्यात नाही. दुसऱ्यात तर मोदकाचं नावच नाही. तो व्हिडिओ भाकरीचा असू शकतो, नाहीतर प्राप्तिकराच्या विवरणपत्राचाही!

कुतूहल म्हणजे सगळं झाकून ठेवणं, हा समज इथे घात करतो. अमेरिकी अभ्यासक जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी 1994 साली कुतूहलाविषयी एक मांडणी केली. आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक करून घ्यायचं आहे, यांत फट दिसली की माणूस अस्वस्थ होतो, ती अस्वस्थता म्हणजे कुतूहल. फट दिसायची तर आधी थोडं ठाऊक असावं लागतं. ज्याचे मोदक कधी वाफेत फुटले आहेत, त्यालाच ते का फुटले हे जाणून घ्यावंसं वाटतं. म्हणूनच शोधशब्द आणि कुतूहल यांचं वैर नाही. विषयाचं नाव ठळक सांगायचं आणि उत्तर तेवढं राखून ठेवायचं, की शोधशब्दच कुतूहलाचा पाया होतो.

शोधशब्द कोणता घ्यायचा हे मनाने ठरवू नये. ब्राउझरची खासगी खिडकी उघडावी, म्हणजे आपल्याच जुन्या शोधांची छाया पडत नाही. यूट्यूबच्या शोधपट्टीत ‘उकडीचे मोदक’ टाइप करून खाली काय सुचवलं जातं ते टिपावं. मग तेच रोमन लिपीत करावं. ही दुसरी पायरी मराठीत टाळता येत नाही, कारण घरात मराठी बोलणारे असंख्य लोक फोनवर ‘ukadiche modak’ असंच टाइप करतात. परदेशात वाढलेल्या मराठी मुलांपैकी अनेकांना तर देवनागरी वाचताही येत नाही. गूगल ट्रेंड्समध्ये ‘यूट्यूब शोध’ हा पर्याय निवडला, तर एखाद्या शब्दाचा शोध वर्षात केव्हा वाढतो हेही दिसतं. मोदकाच्या बाबतीत ते पंचांगच सांगेल, पण आंबट वरण किंवा थालीपीठ यांच्याबाबत ही माहिती उपयोगी पडते.

आता मथळा बांधू. व्हिडिओत खरोखर काय दाखवलं आहे, ते आधी पाहायचं. समजा, त्यात पिठाइतकंच पाणी घेऊन उकड काढली आहे, ती गरम असतानाच मळली आहे आणि कोरड्या उकडीच्या पारीला कडेने चिरा कशा पडतात हेही दाखवलं आहे. सांगण्याजोगी गोष्ट ती चीरच आहे. मग मथळा होतो: ‘उकडीचे मोदक वाफवताना का फुटतात? | Ukadiche Modak Recipe’. पदार्थाचं नाव सुरुवातीला आलं, अडचण लगेच मागोमाग आली, उत्तर आत राहिलं आणि रोमन लिपीतला शोधशब्द शेपटाला गेला. ‘चूक’, ‘रहस्य’, ‘कोणीच सांगत नाही’ यांपैकी कशाचीही गरज पडली नाही.

या मथळ्याची लांबी 55. यूट्यूब 100 पर्यंत परवानगी देतं, पण फोनच्या पडद्यावर आणि बाजूच्या पट्टीत लांब मथळ्याचं शेपूट कापलं जातं, म्हणून महत्त्वाचं ते आधी. देवनागरीत एक गंमत आहे. यंत्र काना, मात्रा, वेलांटी सुटी मोजतं. ‘मोदक’ डोळ्याला तीन अक्षरं, यंत्राला चार. ‘स्त्री’ हे एकच अक्षर यंत्राला सहा वाटतं, कारण त्यात दोन हलन्त आणि एक वेलांटीही मोजली जाते. त्यामुळे मराठी मथळा 100 ची मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर गाठतो. शेवटी दिलेलं चॅनलचं नाव मग सर्वांत आधी उडवावं. ते मथळ्याजवळ एरवीही छापलेलं असतंच.

मथळ्यात जे मावलं नाही ते डिस्क्रिप्शनमध्ये जातं. तिथे 5000 ची मुभा आहे, पण बंद पेटीसारखी. उघडण्याआधी पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. त्या ओळी ‘नमस्कार मंडळी, चॅनलला सबस्क्राइब करा’ यात घालवणं ही निव्वळ उधळपट्टी. त्याऐवजी: ‘उकडीचे मोदक वाफवल्यावर फुटू नयेत म्हणून तांदळाच्या पिठाची उकड किती मऊ हवी, ते इथे हातावर तपासून दाखवलं आहे.’ शोधशब्द एका खऱ्या वाक्यात बसला. त्याखाली साहित्याचं प्रमाण आणि वेळेच्या नोंदी द्याव्यात. पहिली नोंद 00:00 ची, एकूण किमान तीन आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा असला, तर यूट्यूब त्यांची प्रकरणं करून दाखवतं. शोधशब्दांची नुसती यादी खाली ओतणं मात्र यूट्यूबच्या नियमांत बसत नाही. हॅशटॅग 60 हून जास्त झाले, तर सगळेच दुर्लक्षिले जातात.

इन्स्टाग्रामच्या रीलचा हिशेब थोडा वेगळा. तिथे कॅप्शनला 2200 ची मर्यादा असली, तरी रील चालू असताना जेमतेम पहिली ओळ दिसते, आणि बघणारा बहुधा काही शोधत नसतो, नुसता अंगठा फिरवत असतो. म्हणून पहिल्या ओळीत अडचण: ‘मोदक वाफेत फुटले?’ आणि पुढच्या वाक्यांत पदार्थाचं पूर्ण नाव, दोन्ही लिप्यांत. शोधशब्द कॅप्शनमध्येच लिहा, कमेंटमध्ये नको, हे इन्स्टाग्रामने स्वतःच सांगितलेलं आहे.

साधलं की फसलं, हे यूट्यूब स्टुडिओत दोन आकडे शेजारी ठेवून कळतं. एक, दिसलेल्यांपैकी कितींनी क्लिक केलं. यूट्यूबच्या म्हणण्यानुसार निम्म्या व्हिडिओंत हे प्रमाण 2 ते 10 टक्क्यांत असतं. दुसरा, तिसाव्या सेकंदाला किती जण टिकले. क्लिक भरपूर आणि तिसाव्या सेकंदापर्यंत निम्मी मंडळी पसार, तर मथळ्याने दिलेला शब्द व्हिडिओने लवकर पाळलेला नाही. फुटलेला मोदक सुरुवातीलाच दाखवायचा सोडून आपण नारळ खवत बसलो, असं बहुधा निघतं. उलट क्लिक कमी आणि टिकणारे पुष्कळ असतील, तर व्हिडिओ चांगला आहे, मथळा मुका आहे. तो बदलावा. फक्त एक ध्यानात ठेवावं: व्हिडिओ अनोळखी लोकांपुढे जाऊ लागला की क्लिकचं प्रमाण आपोआप उतरतं. तो मथळ्याचा दोष नव्हे.

पोकळ कुतूहलाला आता धोकाही आहे. डिसेंबर 2024 मध्ये यूट्यूबने भारतात जाहीर केलं, की मथळ्यात किंवा थंबनेलवर आश्वासन देऊन व्हिडिओत ते न दाखवणाऱ्यांवर, विशेषतः बातम्या आणि चालू घडामोडींच्या विषयांत, कारवाई होईल. ‘राष्ट्रपतींनी राजीनामा दिला’ असा मथळा आणि आत राजीनाम्याचा पत्ता नाही, हे कंपनीनेच दिलेलं उदाहरण. मोदकांवर ही कुऱ्हाड पडण्याची शक्यता कमी, तरी फसलेला प्रेक्षक दुसऱ्यांदा येत नाहीच.

मथळा केव्हाही बदलता येतो. बदलण्याआधी जुना मथळा, तारीख आणि ते दोन आकडे वहीत उतरवून ठेवा, आणि एका वेळी मथळा किंवा थंबनेल यांपैकी एकच बदला. दोन्ही एकदम बदललंत, तर फरक कशाने पडला हे पुढच्या गणपतीपर्यंत कळणार नाही.